आम्लाचं मोलर द्रावण करताना या चुका टाळा

संहत आम्लाच्या बाटलीवर दोन आकडे छापलेले असतात: टक्केवारी, म्हणजे लेबलवरचा अ‍ॅसे, आणि घनता. द्रावण बिघडतं ते बहुतेक वेळा या दोनपैकी एक आकडा गाळला म्हणून किंवा उलटा वापरला म्हणून. बीएस्सीच्या प्रात्यक्षिकांपासून कारखान्याच्या क्यूसी लॅबपर्यंत हेच बघत आलो आहे, म्हणून या एका चुकीवर जास्त लिहितो.

हायड्रोक्लोरिक आम्ल घेऊ. लेबलवर अ‍ॅसे 35.4%, घनता 1.18, रेणुभार 36.46. एक लिटर 1 M द्रावण हवं असेल तर त्यात 36.46 ग्रॅम शुद्ध HCl लागेल. पण बाटलीतलं प्रत्येक 100 ग्रॅम आम्ल फक्त 35.4 ग्रॅम HCl देतं, बाकीचं पाणी. म्हणून 36.46 ला 0.354 ने भागायचं. उत्तर 103 ग्रॅम. हे वजन झालं बाटलीतल्या आम्लाचं. आपण मात्र आम्ल वजन करून घेत नाही, मोजून ओततो. म्हणून 103 ला घनतेने भागायचं, उत्तर 87.3 मिलि. 0.1 M साठी याचा दहावा भाग, 8.73 मिलि.

मी मुलांना प्रत्येक ओळीत आकड्यापुढे एकक लिहायला लावतो, ग्रॅम की मिलि, आणि कशाचे ग्रॅम तेही: शुद्ध HCl चे की बाटलीतल्या आम्लाचे. पाठ केलेलं सूत्र `M = 10 × % × घनता ÷ रेणुभार` बरोबरच आहे. त्यातून या बाटलीची तीव्रता 11.46 M येते. पण घाईत असलेला माणूस नेमकं सूत्रच अर्धवट आठवतो. तीन ओळींचं गणित विसरता येत नाही, कारण प्रत्येक ओळीला अर्थ असतो.

ग्रॅम कागदावर, मिलि हातात

एका महाविद्यालयात द्वितीय वर्षाचं टायट्रेशन चाललं होतं. 0.05 M सोडियम कार्बोनेट 25 मिलि, मिथिल ऑरेंज, ब्युरेटमध्ये 0.1 M HCl. वाचन 25.0 च्या आसपास यायला हवं. सगळ्या वर्गाचं येत होतं 21.2. कार्बोनेटने ओल धरली असेल, असं म्हणून संशय तिकडे गेला. तो संशय चुकीचा म्हणता येत नाही. कार्बोनेट मोनोहायड्रेट झालेलं असेल, तर वाचन 21.4 पर्यंत खाली येतं, म्हणजे जवळपास तिथेच. मग कार्बोनेट 260 अंशांच्या आसपास तापवून, डेसिकेटरमध्ये थंड करून पुन्हा वजन केलं, नवं द्रावण केलं. वाचन पुन्हा 21.2. इंडिकेटर बदलला, ब्युरेट धुतली, फरक शून्य.

आम्लाचा हिशोब ज्या कागदावर केला होता तो कागद मी मागितला. पाच लिटरसाठी आकडा होता 51.5. तो ग्रॅमचा होता. मोजताना मात्र सिलिंडरमध्ये 51.5 मिलि घेतलं होतं, घ्यायला हवं होतं 43.6. घनतेने भागायची पायरीच राहिली होती, त्यामुळे आम्ल बरोबर 1.18 पट तीव्र झालं. 25 ला 1.18 ने भागा, 21.2 येतात. पहिल्या वाचनालाच हा भागाकार करून बघितला असता तर सगळी दुपार वाचली असती.

म्हणूनच मी सांगतो, चुकलेलं वाचन फेकू नका, अपेक्षित आकड्याशी त्याचं गुणोत्तर काढा. वरच्याच उदाहरणात घनतेने भागण्याऐवजी गुणलं असेल, तर आम्ल 1.39 पट तीव्र होतं आणि वाचन 18 मिलिपर्यंत घसरतं. टक्केवारी विसरली असेल तर द्रावण फक्त 0.035 M भरतं. एक ब्युरेट रिकामी होते तरी रंग बदलत नाही. 36.46 हेच थेट मिलि समजून त्या हिशोबाने घेतलं असेल तर 0.042 M, वाचन 60 च्या आसपास. चारही चुका आपापली खूण ठेवून जातात.

भिंतीवरचा तक्ता

‘हायड्रोक्लोरिक 12 M’ असं लिहिलेला तक्ता बऱ्याच लॅबमध्ये लटकत असतो. आपल्या 35.4 टक्क्यांच्या बाटलीवर तो वापरला, तर 8.33 मिलि घेतले जातील, द्रावण होईल 0.0955 M आणि वाचन 26.2 येईल. मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये आधीच भरून ठेवलेली टक्केवारी हा त्याच चुकीचा नवा अवतार. हातातल्या बाटलीचं लेबल न वाचता तयार आकडा उचलणं मला अजिबात मान्य नाही. काही बाटल्यांवर तर टक्केवारीच 35 ते 38 अशी दिलेली असते, आणि उघडून ठेवलेली बाटली धूर सोडत सोडत आणखी कमजोर होते.

म्हणून 8.73 मिलि पिपेटने अचूक घेण्याच्या खटपटीत पडू नका. मी फ्यूम हूडमध्ये, छोट्या सिलिंडरने 9 मिलि घेतो, लिटर करतो, कार्बोनेटविरुद्ध टायट्रेट करतो आणि 0.1031 आलं तर लेबलवर 0.1031 M लिहितो. नेमकं 0.1000 करण्यासाठी पाणी घाल, आम्ल घाल करत बसणारे शेवटी कुठलाच आकडा खात्रीने सांगू शकत नाहीत.

सल्फ्युरिक आणि गरम फ्लास्क

इथे उतावळेपणा खपत नाही. 500 मिलि 5 M साठी 98%, 1.84 घनतेच्या आम्लाचे 136 मिलि लागतात, आणि त्यातून इतकी उष्णता निघते की बीकर हातात धरवत नाही. आम्ल नेहमी पाण्यात, बारीक धारेने, ढवळत घालायचं. पाणी आम्लात ओतलं तर वरच्या थरात ते उकळतं आणि आम्लाचे शिंतोडे अंगावर येतात. चष्मा आणि हातमोजे न घातलेल्याला मी बाटलीला हात लावू देत नाही.

दुसरी चूक कमी धोक्याची पण जास्त वेळा होणारी: गरम द्रावण तसंच व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये ओतून खुणेपर्यंत पाणी भरणं. दुसऱ्या दिवशी पातळी खुणेखाली गेलेली दिसते. साधं पाणीसुद्धा 60 अंशांवरून 20 वर येताना सुमारे दीड टक्का आकसतं, म्हणजे द्रावण तेवढं तीव्र झालेलं असतं. बीकरमध्ये साधारण 300 मिलि पाणी घ्या, बीकर गार पाण्याच्या टबात ठेवा, आम्ल घाला, खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग फ्लास्कमध्ये ओता, बीकर दोनतीनदा विसळून तेही त्यातच घाला आणि शेवटी खूण गाठा. आणि 500 मधून 136 वजा करून 364 मिलि पाणी मोजून घालू नका. आम्ल आणि पाणी मिसळल्यावर आकारमान आकसतं, बेरीज जुळत नाही.

मोलर आणि नॉर्मलची गल्लत इथेच होते: 0.1 N सल्फ्युरिक म्हणजे 0.05 M. हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिकला दोन्ही आकडे सारखेच येतात, त्यामुळे सवय लागते आणि सल्फ्युरिकला दुप्पट आम्ल पडतं.

उरलेलं आम्ल मूळ बाटलीत परत ओतायचं नाही.