गाउटचा झटका आला तरी रोजची गोळी चालूच ठेवा

पायाचा अंगठा लालबुंद सुजतो, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही, आणि मग ‘गोळी लागू पडत नाही’ म्हणून युरिक अ‍ॅसिड कमी करणारी रोजची अ‍ॅलोप्युरिनॉल बंद केली जाते. तिथेच घोळ होतो. युरिक अ‍ॅसिड उतरू लागलं की सांध्यात साचलेले त्याचे जुने स्फटिक सुटतात, म्हणून पहिल्या काही महिन्यांत झटके येऊ शकतात.

१. रोजची गोळी चालू ठेवा.
२. झटक्याचं औषध डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या आणि ठणका लागताच सुरू करा. सांधा उंच ठेवून बर्फाने शेका.
३. झटक्यात युरिक अ‍ॅसिड नॉर्मलही येतं. झटका ओसरल्यावर दोनेक आठवड्यांनी ते पुन्हा तपासा. ६ च्या खाली हवं. नुसत्या पथ्याने तिथवर क्वचितच पोहोचता येतं.

मात्र गोळीने पुरळ उठलं तर ती लगेच थांबवून डॉक्टरांना दाखवा. सांधा सुजून ताप-थंडी आली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा, सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो.