‘सगळे चाललोय, तू पण ये’: हे आमंत्रण फक्त तुम्हाला आहे का?

जानेवारीत गड्ड्याची यात्रा आणि हुरडा एकदमच येतात आणि सोलापुरातले ऑफिसचे, कॉलेजचे ग्रुप बाहेर पडतात. अशा वेळी आवडणाऱ्या माणसाचा मेसेज येतो: ‘रविवारी सगळे हुरड्याला चाललोय, तू पण ये ना.’ आता याचा अर्थ काय लावायचा?

आधी निरोप कुठे आला ते पाहा. ग्रुपवर आला असेल तर त्यात तुमच्यासाठी वेगळं काही नाही. ग्रुपवर येऊन गेल्यावर पुन्हा तुम्हाला एकट्याला आला असेल, तर तुम्ही यावं असं त्या माणसाला वाटतंय. इतकंच धरा, याहून जास्त नको.

मग सरळ विचारा, ‘कोण कोण आहे?’ चार नावं, गाडी कोणाची, निघायचं किती वाजता, हे पटापट सांगितलं तर ती खरोखर सहल आहे. ‘बघू, दोघं-तिघं येतील’ असं मोघम उत्तर आलं, तर ग्रुप नावापुरता असू शकतो.

खरी परीक्षा ग्रुप फुटल्यावर होते. समजा, शनिवारी रात्री तिघांनी नाही म्हटलं. ‘मग पुढच्या रविवारी ठेवू’ असं आलं, तर बेत सगळ्यांचाच होता. ‘हुरडा राहू दे, संध्याकाळी गड्ड्यावर जायचं का आपण दोघंच?’ असं आलं, तर ते तुम्हाला दिलेलं आमंत्रण आहे. वेळ, जागा आणि दोघंच, या तिन्ही गोष्टी त्यात स्पष्ट आहेत.

सोलापुरात एक अडचण मात्र लक्षात घ्यायलाच हवी. गड्डा भरतो त्या होम मैदानावर कुणी ना कुणी ओळखीचं भेटतंच आणि बातमी तुमच्या आधी घरी पोचते. म्हणून अनेक मुली, आणि मुलंही, मनात असूनही ग्रुपमध्येच येतात. त्यामुळे ग्रुपचं बोलावणं म्हणजे नकार नव्हे. पण तो होकारही नव्हे. शेकोटीजवळ शेजारी बसणं, गरम हुरडा आधी तुमच्या हातावर ठेवणं, परतताना तुमच्याच गाडीवर बसणं, हे सगळं मैत्रीतही घडतं. एवढ्यावरून मित्रांना सांगत सुटू नका. चर्चा झाली की त्या माणसाला तुमच्याशी साधं बोलणंही अवघड होतं.

तरीही कळत नसेल, तर तुम्हीच विचारा, पण सहलीत सगळ्यांदेखत नाही. दोन दिवसांनी वेगळं लिहा: ‘शनिवारी पाच वाजता सात रस्त्याला चहाला भेटायचं का? आपण दोघंच. मला तू आवडतेस म्हणून विचारतोय. नको असेल तर मोकळेपणानं सांग.’

‘शनिवारी नाही, सोमवारी चालेल’ हा होकार समजा. ‘सगळ्यांना घेऊन जाऊ या की’ असं उत्तर आलं, तर दोघांनी भेटायला नकार आहे. त्यावर कारण न विचारता ‘चालेल’ म्हणा आणि पुढच्या वेळी ग्रुपमध्ये पूर्वीसारखेच वागा.