ट्रस्टींना एनपीव्ही एका पानात कसा सांगायचा

एनपीव्ही म्हणजे पुढे वाचणाऱ्या पैशांची आजची किंमत वजा आजचा खर्च. पण शाळेच्या ट्रस्टच्या मीटिंगला त्याचं एक्सेल उघडू नका, पहिल्या दोन मिनिटांत सगळे चहाकडे बघायला लागतात. पानावर सगळ्यात वर निर्णयच लिहा. समजा गच्चीवर सोलर बसवायचंय, खर्च १० लाख, वीजबिलात वर्षाला १ लाख ८० हजार वाचणार, हिशोब १० वर्षांचा. मग वरची ओळ अशी: "हेच १० लाख ७ टक्क्यांच्या एफडीत ठेवण्यापेक्षा सोलरमध्ये आजच्या पैशात साधारण २ लाख ६४ हजार जास्त मिळतात." एनपीव्ही हा शब्द खाली बारीक अक्षरात टाका, चालतं.

कुणीतरी म्हणणारच, अहो १० वर्षांत १८ लाख वाचतात ना, मग फायदा ८ लाख! त्यासाठी एकच उदाहरण ठेवा, दहाव्या वर्षी वाचणारे १ लाख ८० हजार म्हणजे आजचे साडेएक्याण्णव हजारच, कारण साडेएक्याण्णव हजार आज त्याच एफडीत टाकले तर दहाव्या वर्षी त्यांचे १ लाख ८० हजार होतात.

शेवटी धोका लिहा, हे बहुतेक जण गाळतात: बचत वर्षाला १ लाख ४२ हजारांच्या खाली गेली तर एफडीच बरी. आणि इन्व्हर्टर मध्येच बदलावा लागला तर तो खर्च यात धरलेला नाही, हेही स्पष्ट लिहा.