नॉर्म आणि ट्रेस मॅट्रिक्सवरून काढा, मिनिमल पॉलिनॉमियलवरून नको

बेळगावात झेरॉक्सच्या दुकानांतून फिरणाऱ्या गाईडांत नॉर्म आणि ट्रेसबद्दलचा सल्ला ठरलेला असतो. α ची मिनिमल पॉलिनॉमियल हुडका, शेवटचं पद म्हणजे नॉर्म, दुसरा सहगुणक म्हणजे ट्रेस, आणि ‘चिन्ह बघून घ्या’. चिन्ह कसं बघायचं ते मात्र कुणी सांगत नाही. शिवाय हा सल्ला कधी चालतो आणि कधी फसवतो, याचाही पत्ता नसतो. खानापूर, निपाणी, चिकोडीकडून एम.एस्सी.साठी येणारी मुलं हेच पाठ करून येतात आणि पहिल्याच आडव्या प्रश्नावर अडकतात.

मॅट्रिक्सची पद्धत ही नुसती एक युक्ती नाही, तीच व्याख्या आहे. L हे K वरचं n डिग्रीचं एक्स्टेन्शन असेल, तर L मधल्या प्रत्येक घटकाला α ने गुणणं हे K-लिनियर काम आहे. त्या कामाची n × n मॅट्रिक्स मांडली की तिचा ट्रेस तोच α चा ट्रेस आणि तिचा डिटर्मिनंट तोच α चा नॉर्म. मुळं काढायला नकोत, कॉन्जुगेट हुडकायला नकोत. बेसिस बदलला तरी उत्तर बदलत नाही, कारण सिमिलर मॅट्रिक्सांचे ट्रेस आणि डिटर्मिनंट सारखेच असतात.

पायरी १: बेसिस घ्या आणि बदलण्याचा नियम वहीच्या कोपऱ्यात लिहा

उदाहरण घेऊ. θ हे x³ − x − 1 चं मूळ. ±1 यातलं काहीच मूळ नाही, म्हणून ही पॉलिनॉमियल Q वर इर्रिड्युसिबल. L = Q(θ), बेसिस 1, θ, θ². बदलण्याचा नियम एवढाच: θ³ = 1 + θ. आपला घटक α = 2 − θ + θ².

पायरी २: बेसिसमधल्या प्रत्येकाला α ने गुणा

इथे बहुतेक जण α·θ² वेगळं उघडून बसतात आणि θ⁴ पर्यंत जातात. गरज नाही. मागच्या ओळीलाच θ ने गुणा आणि θ³ दिसला की लगेच बदला.

α·1 = 2 − θ + θ²
α·θ = 2θ − θ² + θ³ = 1 + 3θ − θ²
α·θ² = θ + 3θ² − θ³ = −1 + 0·θ + 3θ²

तिसऱ्या ओळीत θ उडून गेला. तिथे शून्य लिहायला विसरू नका, नाहीतर 3 एक घर सरकतो.

पायरी ३: मॅट्रिक्स मांडा

पहिल्या ओळीचे सहगुणक पहिल्या स्तंभात, दुसऱ्याचे दुसऱ्यात, असं:

```
 2   1  -1
-1   3   0
 1  -1   3
```

धारवाडकडून आणि कोल्हापूरकडून आलेली टिपणं एकत्र वाचणाऱ्यांना इथे हमखास गोंधळ होतो, कारण कुणी स्तंभात मांडतं, कुणी ओळीत. ट्रान्सपोज केल्याने ट्रेसही बदलत नाही आणि डिटर्मिनंटही नाही, तेव्हा या दोन उत्तरांपुरता हा वाद फुकटचा. मी स्तंभ घेतो, कारण पुढची तपासणी त्यात सोपी जाते.

पायरी ४: उत्तरं

ट्रेस: 2 + 3 + 3 = 8. नॉर्म पहिल्या ओळीवरून उघडा. 2, 1, −1 यांचे कोफॅक्टर अनुक्रमे 9, 3, −2 येतात. म्हणून 2·9 + 1·3 + (−1)(−2) = 23.

कोफॅक्टर खोडून टाकू नका, त्यांच्यातच तपासणी आहे. बेसिसचा पहिला घटक 1 असेल आणि मांडणी स्तंभांची असेल, तर याच तीन आकड्यांचा घटक 9 + 3θ − 2θ² घेऊन α ने गुणला की निव्वळ नॉर्म उरला पाहिजे. मॅट्रिक्सने (9, 3, −2) ला गुणून बघा: पहिलं घर 18 + 3 + 2 = 23, दुसरं −9 + 9 + 0 = 0, तिसरं 9 − 3 − 6 = 0. θ आणि θ² दोन्ही उडाले, म्हणजे डिटर्मिनंट बरोबर. आणि α चा व्यस्त (9 + 3θ − 2θ²)/23 हा फुकटात मिळाला. मात्र ही तपासणी पायरी २ मधल्या चुका पकडत नाही. मॅट्रिक्सच चुकीची असेल, तर ती चुकीच्या मॅट्रिक्सचाच डिटर्मिनंट तपासते. म्हणून निदान एकदा हा गुणाकार θ चे घात उघडून, नियम नव्याने लावून करा.

पायरी ५: α सगळं L निर्माण करतो का, हे बघा

खरी अडचण इथे आहे. मलाही हीच पायरी सर्वांत जड गेली होती, आणि ‘मिनिमल पॉलिनॉमियल हुडका’ म्हणणारी गाईडं नेमकी इथेच गप्प बसतात.

वरच्या उदाहरणात डिग्री तीन होती. तीन अविभाज्य, त्यामुळे मधे कुठलं उपफील्ड बसायला जागाच नाही. Q बाहेरचा कुठलाही α घ्या, तो सगळं L निर्माण करतो. म्हणून तिथे गाईडचा सल्लाही चालतो. आता चार डिग्री घ्या. η⁴ = 2, L = Q(η), आणि α = 1 + η².

η² म्हणजे √2. तेव्हा α = 1 + √2, आणि मिनिमल पॉलिनॉमियल x² − 2x − 1. गाईडवाला इथेच थांबतो आणि लिहितो: ट्रेस 2, नॉर्म −1. दोन्ही चूक.

मॅट्रिक्स काय म्हणते बघा. बेसिस 1, η, η², η³, नियम η⁴ = 2. α·1 = 1 + η², α·η = η + η³, α·η² = 2 + η², α·η³ = 2η + η³.

```
1  0  2  0
0  1  0  2
1  0  1  0
0  1  0  1
```

कर्णावर चार एक आहेत, म्हणून ट्रेस 4. डिटर्मिनंटसाठी बेसिसचा क्रम 1, η², η, η³ असा करा. मग मॅट्रिक्सचे दोन सारखे तुकडे पडतात, प्रत्येक तुकडा

```
1  2
1  1
```

असा. प्रत्येकाचा डिटर्मिनंट −1, दोघांचा गुणाकार 1. म्हणजे नॉर्म 1. गाईडच्या उत्तरात नुसता आकडा चुकलेला नाही, चिन्हही उलटं आलंय, आणि ‘चिन्ह बघून घ्या’ म्हणून ते सुधारणारं नव्हतं.

असं का होतं, ते त्या दोन तुकड्यांतच दिसतं. α फक्त Q(√2) मध्ये राहतो. L हे Q(√2) च्या दोन प्रतींचं बनलेलं आहे: एक 1 आणि √2 ची, दुसरी η आणि √2·η ची. α ने गुणलं की प्रत्येक प्रत आपल्याआपल्यात फिरते, दुसरीत जात नाही. त्यामुळे तोच तुकडा दोनदा येतो. ट्रेस दोनदा मिळवला जातो, नॉर्म दोनदा गुणला जातो. सर्वसाधारणपणे α ची डिग्री d आणि एक्स्टेन्शनची डिग्री n असेल, तर हा तुकडा n/d वेळा येतो. मिनिमल पॉलिनॉमियलवरून आलेला ट्रेस n/d ने गुणायचा, आणि नॉर्मचा n/d वा घात करायचा.

तरी मिनिमल पॉलिनॉमियलच वापरायची हौस असेल, तर चिन्हाचा नियम ठाम लक्षात ठेवा. x^d पासून सुरू होणाऱ्या पॉलिनॉमियलमध्ये ट्रेस म्हणजे x^(d−1) च्या सहगुणकाचं उलट चिन्ह. नॉर्म म्हणजे शेवटचं पद गुणिले (−1)^d. त्यानंतर n/d लावायचा, आधी नाही. आमच्या α साठी: शेवटचं पद −1, d = 2, म्हणून −1. मग वर्ग, म्हणजे 1.

आणखी एक ताबडतोब करायची चाचणी: घटक K मधलाच असेल, समजा 5, तर मॅट्रिक्स म्हणजे कर्णावर n वेळा 5. ट्रेस 5n, नॉर्म 5ⁿ. ‘5 चा नॉर्म 5’ असं कुणी लिहिलं की समजायचं, पायरी ५ झालेली नाही.

पायरी ६: कुठल्या फील्डवर, ते प्रश्नात वाचा

त्याच α चा L वरून Q(√2) वर नॉर्म विचारला, तर आता α हा स्केलर आहे आणि बेसिस 1, η. नॉर्म α² = 3 + 2√2, ट्रेस 2 + 2√2. तिथून Q वर उतरा: 3 + 2√2 चा नॉर्म 9 − 8 = 1, आणि 2 + 2√2 चा ट्रेस 4. वरच्या उत्तरांशी जुळतं, जुळायलाच हवं. टॉवरमध्ये शंका आली तर असे दोन टप्पे करा.

मशीनवर पडताळायचं असेल तर

सेजमध्ये:

```
K.<e> = NumberField(x^4 - 2)
a = 1 + e^2
print(a.minpoly())
print(a.charpoly())
print(a.trace(), a.norm())
print(a.matrix())
```

`minpoly` दोन डिग्रीची येईल आणि `charpoly` चार डिग्रीची, x⁴ − 4x³ + 2x² + 4x + 1. ती x² − 2x − 1 चा वर्गच आहे. `a.matrix()` मात्र ओळींत मांडते, म्हणून तुमच्या मॅट्रिक्सची ट्रान्सपोज दिसेल. तेवढ्यावरून स्वतःचं काम खोडू नका.

ट्रेस सारखा शून्य येत असेल तर

कॅरॅक्टरिस्टिक 2 मध्ये K = F₂(t) आणि L = K(√t) घ्या. a + b√t ची मॅट्रिक्स:

```
a  tb
b   a
```

ट्रेस 2a, म्हणजे कुठल्याही a, b साठी शून्यच. नॉर्म a² + tb². इथे गणित चुकलेलं नाही. x² − t ला मूळ एकच, दोनदा आलेलं, म्हणजे हे एक्स्टेन्शन इन्सेपरेबल आहे, आणि अशा प्रत्येक फायनाइट एक्स्टेन्शनमध्ये ट्रेस सगळीकडे शून्यच असतो. ‘वेगवेगळ्या कॉन्जुगेटांची बेरीज’ म्हणून ट्रेस काढणारा इथे एकच मूळ घेऊन a + b√t असं उत्तर लिहितो, जे K मध्येही नाही. मॅट्रिक्सवाल्याला मूळ किती आणि कुठे, हा प्रश्नच पडत नाही.