बी.एड.समोर रेफरेंडारियाट लिहिलं आणि तक्ता फसला

एम.एड.ला तुलनात्मक शिक्षणाचं असाइनमेंट होतं: दोन देशांतली शिक्षक-प्रशिक्षणाची रचना. मी भारत आणि जर्मनी घेतले आणि पहिल्याच संध्याकाळी तक्ता आखून टाकला. डावीकडे बी.एड.ची 16 आठवड्यांची इंटर्नशिप, उजवीकडे जर्मनीचं रेफरेंडारियाट, म्हणजे पदवीनंतरचा शाळेतला उमेदवारीचा काळ. दोन्ही शाळेतलं प्रशिक्षण, मग जोडी जुळलीच की! मार्गदर्शक सरांनी त्या ओळीवर लाल पेनाने एवढंच लिहिलं: "वर्ग कुणाचा?"

त्याआधी आणखी एक चूक निस्तरावी लागली. 'जर्मनीत असं असतं' हे वाक्यच टिकत नाही. शाळा हा तिथे राज्यांचा विषय आहे आणि राज्यं 16. बायर्नमध्ये रेफरेंडारियाट 24 महिन्यांचं, तर नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालनमध्ये 18. आपल्याकडे बी.एड.चे निकष एन.सी.टी.ई. ही केंद्राची शिक्षक-शिक्षण परिषद देशभरासाठी ठरवते, पण शिक्षकभरतीचे नियम राज्यागणिक बदलतात. म्हणून मी देश सोडले. एका बाजूला महाराष्ट्र, दुसऱ्या बाजूला नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालन घेतलं आणि दोन्हीकडे एकाच माणसाचा माग काढला: नववीला गणित शिकवू पाहणारा उमेदवार.

महाराष्ट्रातला उमेदवार बी.एस्सी. करतो, सी.ई.टी. देतो आणि दोन वर्षांच्या बी.एड.ला जातो. 2014च्या नियमांनुसार त्यात शाळेतले 20 आठवडे आहेत: पहिल्या वर्षी 4, दुसऱ्या वर्षी 16. या काळात वर्ग शाळेच्या शिक्षकाचाच राहतो. उमेदवार टाचण काढतो, पाठ घेतो, विषयाची अध्यापन पद्धती शिकवणारे कॉलेजचे मेथड मास्टर मागच्या बाकावर बसून शेरा लिहितात.

तिकडचा उमेदवार विद्यापीठात तीन वर्षांची बॅचलर आणि दोन वर्षांची मास्टर पदवी घेतो, तीही दोन विषयांत. मास्टरमध्येच साधारण पाच महिने शाळेत काढायचे असतात. त्याला प्राक्सिससेमेस्टर म्हणतात. तिथेही वर्ग दुसऱ्याचाच. आपल्या इंटर्नशिपची खरी जोडी ही. मी तिच्यासमोर पुढचा टप्पा मांडून बसले होते.

रेफरेंडारियाट विद्यापीठाच्या बाहेर सुरू होतं. उमेदवाराला राज्याकडून दरमहा वेतन मिळतं, काही तास पूर्णपणे त्याच्या जबाबदारीवर असतात, आणि सोबत राज्याच्या प्रशिक्षण केंद्रात सेमिनार चालतात. तिथले प्रशिक्षक वर्गात येऊन पाठ पाहतात. शेवटी एकाच दिवशी दोन विषयांचे दोन परीक्षापाठ आणि तोंडी परीक्षा. अंतिम गुणांपैकी निम्मे या परीक्षेचे, निम्मे शाळेने आणि केंद्राने 18 महिन्यांत केलेल्या मूल्यमापनाचे.

मग महाराष्ट्राच्या रकान्यात याच्यासमोर काय लिहायचं? मी "काही नाही" लिहिलं. सर म्हणाले, "आणि शिक्षण सेवक?"

हा सापळा फार छान आहे. शिक्षण सेवकही पदवीनंतरचा, तोही कायम होण्याआधीचा, त्यालाही पैसे मिळतात: तीन वर्षं मानधन, माध्यमिकला 2023पासून महिना 18,000 रुपये. नावांचा तक्ता केला तर जोडी चपखल बसते. पण 'वर्ग कुणाचा, पैसे कशाचे, तपासतं कोण' असे प्रश्न रकान्यांच्या डोक्यावर लिहा, म्हणजे ती उसवते. शिक्षण सेवक पहिल्या दिवसापासून पूर्ण वेळापत्रक सांभाळतो. त्याला सेमिनार नाही, परीक्षापाठ नाही. काम समाधानकारक ठरलं की नियमित वेतनश्रेणी. म्हणजे तो प्रशिक्षणाचा टप्पा नाही, नेमणुकीची अट आहे.

तुलनात्मक शिक्षणाचे अभ्यासक बेरेडे यांच्या तुलनेच्या चार पायऱ्या आपण पाठ करतो: वर्णन, अर्थ लावणं, शेजारी मांडणं, तुलना. माझी घसरगुंडी दुसरी पायरी गाळल्याने झाली: रचना अशी का, हे मी विचारलंच नाही. जर्मनीतल्या तेव्हाच्या प्रशिया राज्याने 1810मध्ये वरच्या शाळांतल्या शिक्षकांसाठी राज्याची परीक्षा आणली, 1826मध्ये उमेदवारीचं वर्ष जोडलं, 1890मध्ये सेमिनारचं. तिथे राज्य शिक्षकाला आधी घडवून तपासतं. आपल्याकडे माध्यमिक शाळा मोठ्या प्रमाणात खासगी संस्थांच्या, पगार मात्र अनुदानातून. त्यामुळे शासनाचा हात लागतो तो मुख्यतः पात्रतेला आणि भरतीला. घडवण्याचं काम विद्यापीठाला संलग्न कॉलेजवर सोडलेलं.

एक मर्यादा मी असाइनमेंटमध्येच लिहून टाकली: दोन्ही रकाने नियमांवरून भरलेत. माझ्या स्वतःच्या इंटर्नशिपमध्ये अर्धे तास बदली तासांत गेले. हे नियमावलीत दिसत नाही. पाठांची नोंदवही शाळेच्या वेळापत्रकाशेजारी ठेवली की लगेच दिसतं. जर्मनीतली तशी वही मला मिळणार नव्हती, म्हणून 'प्रत्यक्षात' हा रकानाच मी काढून टाकला.

'तपासतं कोण' हा रकाना भरण्याआधी मी मावसभावाला फोन केला. तो शिक्षण सेवक, तिसरं वर्ष. आतापर्यंत तुझा तास बघायला कोण आलं, विचारलं. म्हणाला, "मुख्याध्यापक दोनदा आले. एकदा हजेरीपट मागायला."