सोयाबीन पिवळे दिसले की लगेच कीटकनाशक? या चुका टाळा

दर पावसाळ्यात इंदूरच्या आसपास तीच चूक पाहावी लागते. सोयाबीन पिवळे दिसले की पान हातात न घेताच पिवळा मोझॅक हा विषाणूरोग ठरवला जातो आणि तो पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीवरचे औषध फवारले जाते.

सांवेरकडच्या आमच्या शेतात काकांनीही एका ऑगस्टमध्ये हेच केले. आठवडाभर झड लागली होती आणि महिनाभराचे पीक बांधालगतच्या सखल पट्ट्यात पिवळे पडले होते. त्यांनी दोन फवारण्या केल्या, शिवाय शंभरेक झाडे रोगट समजून उपटली. मी पाहिले तेव्हा शेंड्याकडची कोवळी पाने पिवळी, त्यांच्या शिरा मात्र स्पष्ट हिरव्या आणि खालची जुनी पाने पूर्ण हिरवी होती. ही लोहाच्या कमतरतेची खूण. जुन्या पानांतले लोह नव्या पानांकडे सहज जात नाही, म्हणून त्याची कमतरता आधी शेंड्यावर दिसते. मोझॅकमध्ये हिरव्या पानावर गडद पिवळे, वेडेवाकडे चट्टे विखुरतात आणि सुरुवातीला निरोगी झाडांमध्ये मधूनच एखादे झाड रोगट दिसते. आमच्याकडे सखल पट्टाच्या पट्टा पिवळा होता. चुनखडीच्या काळ्या मातीत पाणी साचले की लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही.

खात्रीसाठी मी १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि १० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवून संध्याकाळी फक्त चार ओळींवर फवारले. हिराकस हिरवट खड्यांचा घ्यावा. गंजासारखा तपकिरी झालेला उपयोगाचा नसतो. शेजारच्या ओळी मी मुद्दाम न फवारता ठेवल्या, कारण पाणी ओसरल्यावर पीक आपोआपही हिरवे होऊ शकते आणि मग श्रेय भलत्यालाच जाते. सहाव्या दिवशी फवारलेल्या ओळी हिरव्या झाल्या, शेजारच्या पिवळ्याच राहिल्या. मोझॅक असता तर पानांवरचे चट्टे हिराकसाने गेले नसते. त्यानंतरच आम्ही पूर्ण पट्टा फवारला, आणि नवी पाने पुन्हा फिकट निघाल्यामुळे दहा दिवसांनी एकदा परत. उतावळ्या माणसाला सहा दिवस थांबणे जड जाते, पण काकांच्या दोन वाया गेलेल्या फवारण्या त्याहून महाग पडल्या. हिराकस मातीत टाकण्याचा सोपा मार्गही मी घेत नाही, कारण चुनखडीत त्यातले लोह लवकरच मुळांना न मिळणाऱ्या रूपात जाते.

जस्ताची कमतरता मक्यात ओळखणे सोपे आहे: पानाच्या बुडाकडे मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना रुंद पांढरट पट्टे उमटतात. भातातला खैरा तर रोगच मानला जाई. १९६६ मध्ये पंतनगरच्या य. ल. नेने यांनी त्याचे कारण जस्ताची कमतरता असल्याचे दाखवले.

बोरॉन कमी पडले की शेंडा मरतो आणि कोवळी पाने जाड, ठिसूळ होतात. त्या जागी कीड किंवा बुरशी सापडली नाही, तरीही मातीपरीक्षणाशिवाय बोरॅक्स टाकू नये, कारण बोरॉनची गरज आणि विषबाधा यांत अंतर फार थोडे असते, आणि जास्त झाले की जुन्या पानांच्या कडा करपू लागतात.