स्वतःचे बोलणे स्वतःच कसे तपासावे?

फोंड्याकडच्या आमच्या देवळात जत्रेला गावातलीच मंडळी मराठी नाटक करतात. यंदा नाटकाआधीचे निवेदन भाचीकडे आले. ती इंग्रजी माध्यमात शिकलेली, आणि चुका सांगायला कोणी शिक्षक नव्हता. मग आम्ही फोनवरच काम भागवले.

आधी ध्वनिमुद्रण. पंखा बंद करा. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला ठेवा, म्हणजे ‘प’, ‘फ’चा वारा त्यावर आदळत नाही. तीन मिनिटे बोला, पण कागद वाचू नका. वाचताना ‘अं’ येतच नाही, मग शोधणार काय? ऐकायचे मात्र दुसऱ्या दिवशी. स्वतःचा आवाज परका वाटेल. बोलताना तो आपल्याला हाडांतूनही ऐकू येतो, फोनमध्ये फक्त हवेतून गेलेला असतो.

आता शब्दन् शब्द लिहून काढा, ‘अं’, ‘म्हणजे’, ‘तर’सकट. काम कंटाळवाणे आहे, अर्धा तास जातो, पण खरे कळते ते इथेच. भाचीचे असे सतरा शब्द निघाले. त्यांतले अकरा एका कलाकाराची ओळख संपून दुसऱ्याची सुरू होताना आलेले. म्हणजे सवयीपेक्षा पुढचे वाक्य तयार नसणे हेच कारण होते. तिने प्रत्येक ओळखीचे पहिले तीन शब्द तेवढे पाठ केले आणि पुन्हा बोलली. सहा उरले. ‘म्हणजे’ने खरोखर अर्थ उलगडत असेल, तर तो मोजू नका.

वेगासाठी त्याच कागदावर मिनिटामिनिटाला रेघ मारून शब्द मोजा. इंग्रजी भाषणांसाठी सांगितलेले आकडे इथे लावू नका. ‘देवळासमोरच्या’ हा आपला एक शब्द, इंग्रजीत त्याचे तीन-चार होतात. आपलीच मिनिटे एकमेकांशी ताडून पाहा. तिची निघाली ९८, १०४ आणि १३१. शेवटी सुटका दिसली की गाडी सुटते!

उच्चारांचे मात्र अवघड आहे. जे आपल्याला नीट म्हणता येत नाही ते बऱ्याचदा ऐकूही येत नाही, शिवाय काय म्हणायचे होते हे ठाऊक असल्याने कान सांभाळून घेतो. त्यावर एक युक्ती आहे. मन-मण, सन-सण, वेल-वेळ अशा जोड्यांचे शब्द चिठ्ठ्यांवर लिहा, पिसा आणि निघतील त्या क्रमाने म्हणून मुद्रित करा. क्रम लिहून ठेवा. दोन दिवसांनी तो न बघता ऐकायचे आणि ऐकू येईल तसे लिहायचे. भाचीने वीसपैकी सहा चुकीचे लिहिले, सहाही ‘ण’चे. ‘ळ’ स्वच्छ होता.

आता दोष उच्चारात की कानात? आकाशवाणीच्या मराठी बातम्यांतले ‘ण’ असलेले एक वाक्य घ्या, तेच स्वतः म्हणा आणि दोन्ही पाठोपाठ ऐका. फरक जाणवला तर कान ठीक आहे, जीभ वळवून टाळूला लावायची सवय करा. तिला जाणवला. नाहीच जाणवला, तर त्याच चिठ्ठ्यांचे मुद्रण घरातल्या कुणा आजीला ऐकवून तिलाच लिहायला सांगा.